मॅन्युअल म्हणतं १०डब्ल्यू-३०, गॅरेजवाला म्हणतो २०डब्ल्यू-५०: पुण्यात बाइकला ऑइल कोणतं टाकायचं?

प्रश्न: काका, माझी होंडाची १२५ सीसी एअर कूल्ड गाडी आहे. मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३० लिहिलंय, पण गॅरेजवाले दादा म्हणाले पुण्याच्या उन्हाळ्यात ते पाण्यासारखं होतं, म्हणून मागच्या सर्व्हिसला त्यांनी २०डब्ल्यू-५० टाकलं. तेव्हापासून सकाळी पहिला गिअर टाकताना गाडी झटका मारते आणि ॲव्हरेज ६० वरून ५६ वर आलंय. रोज कात्रज ते हिंजवडी, जाऊन-येऊन ४४ किमी, सव्वादोन तास जातात. भावाच्या कारचं १०डब्ल्यू-३० सिंथेटिक घरात उरलंय, ते टाकलं तर चालेल का? ब्रँड कोणता घेऊ?

१०डब्ल्यू-३० च टाक, पण बाइकचं टाक. म्हणजे बाटलीवर जासो एमए किंवा एमए२ हा बाइकच्या ऑइलचा शिक्का छापलेला पाहिजे. भावाच्या कारचं ऑइल त्याच्या कारलाच राहू दे, ग्रेड तोच दिसत असला तरी. आणि ब्रँडचं शेवटी बोलू, कारण आधीच्या दोन गोष्टी जुळल्या की ब्रँडचा प्रश्न निम्मा सुटलेला असतो.

आता दादा म्हणाले ते "पाण्यासारखं होतं" वालं प्रकरण. हे मी गेली पंचवीस वर्षं गॅरेजमध्ये ऐकतोय आणि सुरुवातीची काही वर्षं मी स्वतः पण हेच बोलायचो, त्यामुळे त्या दादांवर चिडू नकोस. पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांना कंपनीच २०डब्ल्यू-४० नाहीतर २०डब्ल्यू-५० सांगायची, त्यात हात बसलेत लोकांचे, आणि जाड ऑइल बोटावर घेतलं की बरं वाटतं, "माल" वाटतो. पण बोटाला जे जाड लागतं ते इंजिनला तसंच लागतं असं नाही.

ग्रेडमध्ये दोन आकडे असतात आणि दोन्ही वेगवेगळ्या परीक्षेचे मार्क आहेत. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडीचा आकडा. १०डब्ल्यू ची परीक्षा उणे २५ डिग्रीला घेतात, २०डब्ल्यू ची उणे १५ ला, की एवढ्या थंडीत इंजिन फिरवता येईल इतपत ऑइल पातळ राहतं का. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पाषाण-शिवाजीनगरला पहाटे ८-१० डिग्री झालं की पेपरात फोटो येतात शेकोटीचे, म्हणजे आपण त्या परीक्षेच्या आसपास पण नाही. म्हणून "१०डब्ल्यू थंड प्रदेशातल्या गाड्यांना, आपल्याला २०डब्ल्यू" असं जे म्हणतात ते अर्धवट आहे, पुण्यात दोन्हीवर गाडी चालू होते. फरक पडतो तो चालू झाल्यावर पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत, त्यावर खाली येतो, कारण तुझा झटका तिथेच लपलाय.

दुसरा आकडा, ३० किंवा ५०, हा गरम ऑइलचा. आणि तो मोजतात १०० डिग्री सेल्सियसला. हे एक वाक्य डोक्यात बसलं की निम्मे वाद संपतात, कारण एप्रिल-मे मध्ये पुण्यात ४० डिग्री होतं म्हणून ३० नंबरचं ऑइल हात टेकत नाही, तो आकडा मुळात १०० डिग्रीवर किती जाड राहतं यावरूनच दिलेला आहे. तुझ्या इंजिनात ऑइलला बाहेरची हवा नाही लागत, त्याला लागतो पिस्टनचा, हेडचा ताव. एअर कूल्ड गाडी ट्रॅफिकमध्ये रांगत असेल तर ऑइल शंभरीच्या घरात थंडीत पण जातं आणि उन्हाळ्यात पण जातं. बाहेर हवा दहा डिग्री जास्त गरम असेल तर ऑइल पण साधारण तेवढंच, दहाएक डिग्री जास्त गरम होतं, त्यापेक्षा चमत्कार काही होत नाही. एवढी जागा कंपनीने धरलेलीच असते. तुझी हीच गाडी, हेच मॅन्युअल, नागपूर-चंद्रपूरला पण विकतात, आणि तिथे ४५ ला पुणेकराला घराबाहेर पण पडवणार नाही.

मग जाड टाकलं तर बिघडतं काय? गरम झाल्यावर तसं फार काही नाही, ऑइल ढवळायला इंजिनला थोडी जास्त ताकद लागते एवढंच, जी तुझ्या पेट्रोलमधून जाते. पण थंड असताना बघ. सकाळी सहा-सातला गाडी १२-१५ डिग्रीवर रात्रभर उभी असते, त्या वेळी २०डब्ल्यू-५० हे १०डब्ल्यू-३० च्या दुपटीहून जास्त घट्ट असतं. काकवी आणि गोडेतेल समोर ठेवून बघ, तसा प्रकार. ऑइल पंपाला ते बारीक भोकांतून वर हेडपर्यंत, कॅमपर्यंत चढवायचंय. या इंजिनांतली भोकं, बेअरिंगमधली फट, पंप, सगळं पातळ ऑइल धरून बनवलेलं असतं. जाड ऑइल वर पोचायला वेळ लावतं आणि तेवढा वेळ वरचे पार्ट कालच्या उरलेल्या ऑइलवर दिवस काढतात. काही गाड्यांत सकाळी पहिले काही सेकंद वरून टकटक ऐकू येते ती यामुळेच.

आता तुझा झटका. बाइकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, कारचा तसा नसतो, हे लक्षात ठेव कारण पुढे पुन्हा लागणार आहे. चार-पाच क्लच प्लेट एकमेकींना चिकटून, मध्ये ऑइल. तू क्लच दाबतोस तेव्हा प्लेट सुट्या व्हायला पाहिजेत, पण मध्ये थंड, घट्ट ऑइल असेल तर त्या चिकटून एकमेकींना ओढत राहतात, मग गिअर टाकला की गाडी टुणकन पुढे जाते. दहा मिनिटं चालवल्यावर झटका गायब होतो का बघ. गायब होत असेल तर ऑइलच. गरम झाल्यावर पण सिग्नलला न्यूट्रल सापडत नसेल तर मग ऑइल सोड आणि क्लच केबल बघ, लिव्हरच्या टोकाला साधारण १०-२० मिलीमीटर मोकळी हालचाल पाहिजे, त्यापेक्षा जास्त सैल असेल तर क्लच पूर्ण सुटतच नाही आणि ऑइल बदलून काहीही होणार नाही.

ॲव्हरेज ४ ने कमी झालं ते सगळं ऑइलच्या डोक्यावर टाकू नकोस हं. जाड ऑइलने फरक पडतो, पण त्याच सर्व्हिसला चेन आवळून टाकली असेल, मागचा ब्रेक टाइट केला असेल, टायरमध्ये हवा कमी असेल, तर त्याने पण तेवढंच पडतं. गाडी मेन स्टँडवर घे, न्यूट्रलला मागचं चाक हाताने फिरव, मोकळं फिरलं पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या दहा "ऑइलमुळे ॲव्हरेज गेलं" वाल्यांपैकी निदान तीन-चार ब्रेक घासणारे निघतात.

मॅन्युअल कसं वाचायचं ते सांगतो, कारण लोक ग्रेड बघून पुस्तक मिटतात. होंडाच्या बाइकच्या मॅन्युअलमध्ये ऑइलच्या पानावर तीन अटी असतात: ग्रेड एसएई १०डब्ल्यू-३०, एपीआय म्हणजे ऑइलच्या दर्जाचा वर्ग एसजी किंवा त्यावरचा, आणि जासो टी९०३ प्रमाणे एमए. एपीआयच्या ओळीतच एक शेपूट असतं की गोल शिक्क्यावर "एनर्जी कन्झर्विंग" किंवा "रिसोर्स कन्झर्विंग" लिहिलेलं ऑइल वापरू नका. हे शेपूट कोणी वाचत नाही आणि भावाच्या कारचं ऑइल नेमकं तिथेच अडकतं. एपीआयचं तसं सोपं आहे, एसच्या पुढचं अक्षर जेवढं पुढचं तेवढं नवीन, एसजी जुनं, मग एसएल, एसएन, एसपी. पुढचं अक्षर चालतं, मागचं नाही.

काही मॅन्युअलमध्ये हवामानाचा तक्ता पण असतो, खाली डिग्री सेल्सियसची पट्टी आणि वर प्रत्येक ग्रेडच्या आडव्या रेघा. तो तक्ता असेल तर आपल्या गावाचं कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान धर, पुण्यासाठी ५ ते ४३ धरलं की बहुतेक वर्षं त्यात बसतात. त्या दोन आकड्यांवर उभ्या रेघा मार पेन्सिलने आणि ज्या ग्रेडची आडवी रेघ दोन्हीला पुरते तो तुझा. रेघेच्या टोकाला बाण असेल तर त्या बाजूला मर्यादा नाही असं समजायचं. दोन-तीन ग्रेड बसले तर पुण्यात मी डब्ल्यूचा लहान आकडा असलेला घेतो, म्हणजे १०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० दोन्ही चालत असतील तर १०डब्ल्यू-४०, सकाळच्या थंड स्टार्टसाठी. पण तक्ता नसेल आणि एकच ग्रेड दिला असेल तर आपलं डोकं चालवायचं नाही. आणि पुस्तक आपल्याच वर्षाच्या गाडीचं आहे का बघ, नाव तेच राहून काही मॉडेलमध्ये इंजिन बदललं की ग्रेड पण बदललाय. हे उलट पण लागू आहे बरं का. माझ्या एका गिऱ्हाइकाची जुनी १५० सीसी कार्ब्युरेटरवाली गाडी होती, पुस्तकात २०डब्ल्यू-५०, त्याने कुठेतरी ऐकून ॲव्हरेजसाठी महागडं १०डब्ल्यू-३० टाकलं. ॲव्हरेज किलोमीटर-दीड किलोमीटर वाढलं असेल, पण टॅपेटचा आवाज वाढला, गिअर गरम झाल्यावर कडक पडायला लागले आणि दीड हजार किलोमीटरमध्ये ऑइल डिपस्टिकच्या खालच्या खुणेवर आलं. परत पुस्तकातलं टाकलं, आवाज बसला.

कारच्या ऑइलचं आता. भावाच्या डब्यावर १०डब्ल्यू-३० लिहिलंय म्हणून तू फसतोयस, आणि फसण्याची जागा हीच आहे, कारण ३० आणि त्याखालच्या ग्रेडच्या पेट्रोल कारच्या ऑइलमध्येच घर्षण कमी करणारी द्रव्यं घालून पेट्रोल वाचवायचा खटाटोप असतो. डबा उलटा करून मागचा गोल शिक्का बघ: वरच्या अर्ध्या भागात एपीआयचा वर्ग, मध्ये ग्रेड, आणि खालच्या अर्ध्या भागात इंग्रजीत "रिसोर्स कन्झर्विंग" असेल. कारला ते उत्तम, तिचा क्लच कोरडा, ऑइलपासून लांब. तुझा क्लच त्याच ऑइलमध्ये आंघोळ करतो आणि घर्षण कमी झालं तर प्लेट पकडणार कशा?

हे कसं कळतं ते सांगतो. एक पोरगा डिलिव्हरीचं काम करतो, १२५ सीसीच गाडी, मालकाच्या कारचं उरलेलं ऑइल फुकटात मिळालं म्हणून टाकलं. सपाट रस्त्यावर महिनाभर काहीच नाही, उलट गाडी "स्मूथ" झाली म्हणून खूश. मग मागे सामान घेऊन कात्रज घाट चढताना गाडीचा आवाज वाढायचा आणि स्पीड तिथेच. माझ्याकडे आल्यावर मी त्याच्यासमोर चालवून बघितली: रिकामा रस्ता, चौथा गिअर, स्पीड ४० ला स्थिर, आणि एकदम पूर्ण रेस. क्लच चांगला असेल तर आवाज आणि स्पीड हळूहळू बरोबर वाढतात. त्याच्या गाडीत इंजिन एकदम भुंगा झालं आणि काटा मागून निवांत आला. म्हणजे प्लेट सरकतायत. ऑइल काढलं, एमए२ चं टाकलं, ५०० किलोमीटरला पुन्हा बदललं, कारण पहिलं ऑइल सगळं निघत नाही, प्लेटच्या रेषांमध्ये, हेडमध्ये राहतंच. ७०-८० टक्के बरा झाला. तीन महिन्यांनी क्लच प्लेट बदलाव्याच लागल्या, त्या सरकून सरकून भाजल्या होत्या. फुकटचं ऑइल.

म्हणून जासो बघायचं. जासो ही जपानची वाहनांची मानकं ठरवणारी संस्था, आणि टी९०३ हे खास मोटरसायकलच्या चार स्ट्रोक ऑइलसाठी १९९८ साली काढलेलं मानक. बाटलीच्या मागे छोटा चौकोन असतो, वर एक कोड आणि खाली मोठ्या अक्षरांत एमए, एमए१, एमए२ नाहीतर एमबी. एमए हे छत्र समज, त्याखाली एमए१ थोडं कमी पकडीचं आणि एमए२ जास्त पकडीचं. पुस्तकात नुसतं एमए असेल तर तिन्ही चालतात, एमए२ लिहिलं असेल तर मात्र एमए२ च घे. एमबी घर्षण कमी असलेलं, ते गिअर नसलेल्या स्कूटरसाठी, कारण तिचा क्लच वेगळ्या कोरड्या खोलीत असतो. घरात आईची स्कूटर असेल तर जपून, तिचं ऑइल पण १०डब्ल्यू-३० असू शकतं, डबा पण तुझ्यासारखाच, कंपनी पण तीच, आणि आत एमबी. दुकानदार घाईत "टेन थर्टी द्या" म्हटलं की हातात येईल ते देतो. स्कूटरमध्ये एमए चुकून गेलं तर काही होत नाही, फार तर ॲव्हरेज जरा कमी. उलटं मात्र नको.

आता तुझ्या गाडीत आत्ता जे २०डब्ल्यू-५० आहे त्याचं काय? घाबरून आजच्या आज काढायची गरज नाही, त्याने इंजिन बसत नाही. टाकून हजार-दीड हजार झाले असतील तर अजून हजारभर चालव, सकाळी चालू केल्यावर अर्धा मिनिट थांब, पहिले दोन किलोमीटर रेस देऊ नको. झटका फारच त्रास देत असेल तर लवकर बदल, तुझा पैसा आहे.

बदलताना एकच गोष्ट समोर उभं राहून बघ, ती म्हणजे माप. मॅन्युअलमध्ये ऑइलचे दोन आकडे असतात, एक नुसतं ड्रेन करून भरायचा आणि दुसरा इंजिन खोलल्यावर भरायचा, आणि दुसरा मोठा असतो. आपल्याला पहिला. तुझ्यासारख्या गाडीत तो एक लिटरच्या आतच असतो, पण बाजारात बाटल्या ८०० मिली, ९०० मिली आणि १ लिटरच्या मिळतात, आणि घाईत लिटरची बाटली उपडी करून मोकळं होणारे कमी नाहीत. जास्त झालेलं ऑइल क्रँक फेसाळून टाकतो, फेसात हवा, हवेने बेअरिंगला काय वंगण मिळणार? मग इंजिन जड वाटतं, जास्तच गरम पडतं आणि ब्रीदरच्या पाइपमधून ऑइल एअर फिल्टरकडे जातं. खरं सांगायचं तर "ग्रेड सूट झाला नाही" म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांत मी फक्त दीडशे-दोनशे मिली जास्तीचं ऑइल काढून दिलंय.

लेव्हल अशी बघ: गाडी मेन स्टँडवर सपाट जागी, तीन-चार मिनिटं चालू ठेव, बंद कर, दोन-तीन मिनिटं थांब. डिपस्टिक काढून पूस, परत भोकात नुसती टेकव, आटे फिरवून बसवू नको, आणि मग काढून बघ. होंडाचं पुस्तक हेच सांगतं. आटे फिरवून बघितलीस तर काडी जास्त खोल बुडते, लेव्हल आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि तू कमी ऑइलवर गाडी चालवत राहतोस. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जरा खाली, एवढं बास.

आता किती किलोमीटरला बदलायचं, यात पुण्याचं हवामान नाही, पुण्याचं ट्रॅफिक येतं. तुझा हिशोब तूच दिलायस: ४४ किमीला सव्वादोन तास, म्हणजे ताशी जेमतेम २०. समजा पुस्तकात ६००० किमी लिहिलंय. साताऱ्याला हायवेने सरासरी ४५ ने जाणाऱ्या माणसाच्या इंजिनाचे ६००० किमीला साधारण १३३ तास होतात. तुझ्या इंजिनाचे त्याच ६००० ला ३०० तास. दुपटीहून जास्त, आणि त्यातले कितीतरी तास वारं न लागता, फर्स्ट-सेकंडमध्ये, क्लच अर्धा दाबून. ऑइल भाजतं ते तासांनी आणि तापाने, ओडोमीटरने नाही. शिवाय बाइकमध्ये तेच ऑइल गिअरबॉक्सलाही असतं, गिअरचे दात त्याला चिरडून चिरडून पातळ करतात. त्यामुळे तुझ्या वापराला पुस्तकातला ग्रेड तोच ठेवून मी अंतर कमी करीन, साध्या मिनरलला ३०००, सेमी सिंथेटिकला ४००० च्या आसपास. महिन्याला तुझे हजारेक किलोमीटर होतात, म्हणजे तीन-चार महिन्यांनी एकदा. हा माझा अंदाज आहे अनुभवाचा, पुस्तकातलं वाक्य नाही. पुस्तकातलं अंतर ओलांडायचं मात्र नाही, सिंथेटिक टाकलं तरी नाही, आणि वॉरंटीत असशील तर सर्व्हिसची नोंद करून घे.

आणि रंग बघून ठरवू नको. ऑइल हजारभर किलोमीटरमध्ये काळं पडतंच, त्याचं कामच आहे काजळी धरून ठेवायचं. दोन बोटांत चोळून "गेलं हो हे" म्हणणारे कारागीर मी पण बघितलेत, मी पण चोळतो, गिऱ्हाईक खूश होतं. त्याने फार तर कचकच, धातूचा कीस कळतो, ऑइलचं आयुष्य नाही. खरी खूण म्हणजे गरम गाडीत गिअर हळूहळू कडक पडणं, न्यूट्रल शोधायला लागणं. ऑइल बदलल्यावर पहिल्याच दिवशी गिअर लोण्यासारखे लागले तर समज, आधीचं उशिरापर्यंत चालवलं होतंस.

ब्रँड. होंडाचं स्वतःचं ऑइल, कॅस्ट्रॉल, शेल, मोटुल, गल्फ, किंवा आपल्या सरकारी कंपन्यांचे सर्वो, एचपी रेसर, मॅक, यातलं कुठलंही घे, अट एवढीच की त्या बाटलीवर तुझ्या पुस्तकातल्या तिन्ही ओळी सापडल्या पाहिजेत: १०डब्ल्यू-३०, एपीआय एसजी किंवा वरचं, जासो एमए किंवा एमए२. ब्रँडचं नाव बघून नाही, बाटली बघून घ्यायचं, कारण एकाच ब्रँडच्या एकाच नावाखाली चार ग्रेड असतात आणि पुढच्या बाजूला नाव मोठं नि ग्रेड बारीक छापतात. सिंथेटिक, सेमी, मिनरल हा वेगळा मुद्दा, त्याने ग्रेड बदलत नाही. तुझ्या ट्रॅफिकला मी सेमी सिंथेटिक १०डब्ल्यू-३० घेतलं असतं, तापात मिनरलपेक्षा जास्त टिकतं म्हणून. फुल सिंथेटिकने तुझ्या १२५ ला नुकसान नाही, पण तीन-चार महिन्यांनी बदलणारच आहेस तर एवढे पैसे गटारीत कशाला.

ब्रँडपेक्षा मला काळजी असते खऱ्या-खोट्याची. कंपनीच्या डीलरकडून, पेट्रोल पंपावरून नाहीतर नाना पेठेतल्या बिल देणाऱ्या दुकानातून घे. झाकणाची खालची कडी तुटलेली नको, बॅच आणि तारीख खरवडलेली नको, झाकण तू स्वतः उघड. सुटं, मापाने मिळणारं ऑइल तर नकोच, त्यात ग्रेड काय होता ते फक्त देवाला माहीत. आणि रिकामी बाटली गॅरेजमध्ये सोडून येऊ नको, तिला चाकूने एक भोक पाडून टाक, नाहीतर तीच बाटली भरून दुसऱ्याला जायची.

पावसाळ्याचं एक राहिलं, कारण जुलैमध्ये दरवर्षी कोणीतरी घाबरून येतं. ऑइलच्या झाकणाला आतून पांढरट, लोण्यासारखा थर दिसतो आणि लोक म्हणतात ऑइल डुप्लिकेट निघालं. दमट हवेत दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या की इंजिन पुरतं गरमच होत नाही, आतली वाफ झाकणापाशी साठते आणि ऑइलमध्ये मिसळते. पुसून टाक, एकदा अर्धा तास सलग चालव, तुझ्या हिंजवडीच्या फेरीत ते आपोआप उडतं. पण डिपस्टिकवरच दुधाच्या चहासारखं ऑइल आलं तर ती वाफ नाही, पाणी आहे. भिडे पुलावर पाणी आलेलं असताना नाहीतर एखाद्या अंडरपासमधून गाडी घातली आणि ती बंद पडली, तर सेल्फ मारू नको, किक पण नको, ढकलत गॅरेजला ने. आधी एअर फिल्टर आणि प्लग काढून बघ, ऑइल सोड, स्वस्तातलं १०डब्ल्यू-३० एमए भरून दहा मिनिटं चालवून तेही सोड, आणि मग तुझं नेहमीचं भर. पहिल्या वेळेला सोडलेलं दुधाळ निघालं असेल तर दुसऱ्यात पण थोडं ढगाळ दिसेल, तसं दिसलं तर पुन्हा एकदा.